दोरीतलं टेन्शन ३० न्यूटन का येत नाही

भाची अकरावीत आहे, परवा वही घेऊन आली, म्हणाली मामा उत्तर जुळतच नाहीये, कुठे चुकलं बघ ना. गणित तसं नेहमीचंच. ३० अंशाचा गुळगुळीत उतार, त्यावर ४ किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी वरच्या पुलीवरून पलीकडे गेलीये आणि तिथे ३ किलोचं वजन लटकतंय. g १० धरायचा, घर्षण नाही, पुली आणि दोरी बिनवजनाची. पुस्तकात उत्तर होतं की ठोकळा १.४३ च्या त्वरणाने वर चढतो, आणि हिचा ठोकळा १.१५ ने खाली घसरत होता!

दिशाच उलटी आली म्हणजे आधी घटक तपासायचे. ठोकळ्याचं वजन ४० न्यूटन, आणि तिने उताराच्या दिशेचा घटक ४० cos ३०° म्हणजे ३४.६ घेतला होता. मी म्हटलं उतार हळूहळू आडवा कर, कोन शून्य झाला की काय होतं बघ. cos ० म्हणजे १, म्हणजे सपाट टेबलावर ठेवलेला ठोकळा पूर्ण ४० न्यूटनने आपोआप बाजूला ओढला जातोय, असं कधी होतं का? म्हणून इथे sin हवा, घटक २० न्यूटन. ते ३४.६ पृष्ठभागावर दाबतात, आणि पृष्ठभाग तेवढंच उलट ढकलतो.

ठोकळा आता वर चढायला लागला पण त्वरण आलं २.५, कारण दोरीतलं टेन्शन तिने सरळ ३० लिहिलं होतं, लटकणाऱ्या वजनाइतकं. ही चूक मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण वाचताना ती बरोबरच वाटते. पण ३ किलोवर खाली ३० आणि वर पण ३० असेल तर ते वजन वेग घेणारच नाही, आणि तिकडे ठोकळा २.५ ने वर निघालाय, मग मधली दोरी सैल पडेल की! दोरी ताठ असेल तर दोघांचं त्वरण सारखंच पाहिजे. म्हणून दोघांची समीकरणं वेगवेगळी लिहायची:

```
T - 20 = 4a
30 - T = 3a
```

बेरीज केली की T उडतो, १० = ७a, a आला १.४३ आणि T २५.७. हे २५.७ वीस आणि तीसच्या मधे आहे ते बघा, तसंच असायला हवं, कारण ठोकळ्याला वर न्यायला २० पेक्षा जास्त लागतात आणि वजन खाली जायला ३० पेक्षा कमी.

मग तिने विचारलं टेन्शन कधीच ३० नसतं का? असतं की, दोन्ही वस्तू स्थिर असताना. त्यासाठी ४० sin θ = ३० व्हायला हवं, म्हणजे उतार साधारण ४८.६ अंशाचा.