मोबाइलचे फुटेज आणि बदलता फ्रेम रेट: सिंक का जातो, आणि ३० की २५ हा वाद कुठून आला

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण चित्राशी जुळवायला आवाजच नव्हता. आवाज आला आणि सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सवर स्थिरावला. पुढे टीव्हीने आपापल्या देशातल्या विजेच्या आवर्तनांप्रमाणे २५ आणि ३० हे आकडे घेतले, आणि १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणासाठी ३० चे २९.९७ झाले. टेपवरच्या कॅमकॉर्डरपर्यंत एक गोष्ट मात्र कायम राहिली: एकदा ठरलेला वेग रेकॉर्डिंग संपेपर्यंत बदलत नसे. एडिटिंगची सॉफ्टवेअर याच गृहीतकावर उभी राहिली. टाइमलाइनवर वेळ म्हणजे फ्रेमचा क्रमांक भागिले फ्रेम रेट, दुसरे काही नाही.

फाइलच्या रचनेत मात्र हे गृहीतक १९९१ मध्येच सैल झाले होते. त्या वर्षी आलेल्या क्विकटाइमच्या फाइलमध्ये संपूर्ण व्हिडिओसाठी एकच फ्रेम रेट लिहिण्याची गरज नव्हती. प्रत्येक फ्रेम किती वेळ पडद्यावर राहणार, याचा एक तक्ता त्यात असे. पुढे एमपी४ याच रचनेवर बेतले गेले. त्याच सुमाराला, १९९२ मध्ये आलेल्या एव्हीआयमध्ये उलट व्यवस्था होती: सुरुवातीला एक आकडा आणि शेवटपर्यंत तोच. बरीच वर्षे हा फरक कोणाला जाणवला नाही, कारण कॅमेऱ्यातून येणारे फुटेज एका वेगाचेच असायचे आणि एमपी४चा तक्ता म्हणजे एकाच ओळीची पुनरावृत्ती असायची.

तो तक्ता खऱ्या अर्थाने वापरायला लागला तो मोबाइल. कारण साधे आहे. सेकंदाला ३० फ्रेम्स घ्यायच्या तर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद प्रकाश मिळतो. संध्याकाळी घरात, मांडवात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात तेवढा प्रकाश लहान सेन्सरला पुरत नाही. मग दोनच पर्याय उरतात: आयएसओ वाढवून दाणेदार चित्र घ्यायचे, किंवा शटर जास्त वेळ उघडे ठेवून फ्रेम्स कमी करायच्या. मोबाइल बनवणाऱ्यांनी बहुधा दुसरा पर्याय निवडला, कारण ग्राहकाला दाणे लगेच दिसतात, कमी झालेल्या फ्रेम्स दिसत नाहीत. अँड्रॉइडच्या २०१४ पासूनच्या कॅमेरा-व्यवस्थेत अ‍ॅप फ्रेम रेटची किमान आणि कमाल मर्यादा देते. ती १५ ते ३० अशी दिली की अंधारात वेग आपोआप उतरतो, ३० ते ३० दिली की उतरत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये `Auto FPS` नावाने हीच गोष्ट आहे. फोन तापला किंवा स्टोरेजला लिहिणे झेपेना झाले, तर मधल्या एखाद-दुसऱ्या फ्रेम गळतात त्या वेगळ्याच. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर हालचाल नसेल तेव्हा नवी फ्रेमच लिहिली जात नाही असे सर्रास होते.

आवाजाला यातले काहीच लागू नाही. तो ठरावीक, बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने अखंड लिहिला जातो. म्हणजे एकाच फाइलमध्ये एक धागा ठरल्या वेगाने जातो आणि दुसरा थबकत थबकत. फोनवर पाहताना काही खटकत नाही, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचतो. बिघडते ते एडिटरमध्ये.

किती बिघडते ते एका कीर्तनाच्या रेकॉर्डिंगवर पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. दहा मिनिटांची क्लिप आहे. पहिली चार मिनिटे मांडवातले सगळे दिवे चालू आहेत, फोन ३० फ्रेम्स घेतो: ७,२०० फ्रेम्स. मग मोठे दिवे बंद होतात, समयांचा आणि एका बल्बचा उजेड उरतो, फोन २४ वर उतरतो: पुढच्या सहा मिनिटांत ८,६४० फ्रेम्स. एकूण १५,८४०. फ्रेमच्या वेळा न पाहता सगळे ३० ने चालवणाऱ्या एडिटरमध्ये चित्र ५२८ सेकंदांत संपते आणि आवाज ६०० सेकंद चालतो. बहात्तर सेकंदांचा फरक. त्यातही पहिल्या चार मिनिटांत सगळे चोख जुळते, म्हणून सुरुवातीचाच भाग तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारा हमखास फसतो. तपासायचे असेल तर टाळाचा ठोका पाहावा. टाळ एकमेकांवर आपटताना दिसतात त्या क्षणीच आवाज आला पाहिजे. ओठांवरून लक्षात न येणारा दोन फ्रेम्सचा फरकही तिथे पकडता येतो.

पुढचा घोटाळा सरासरीचा आहे. मीडियाइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ही फाइल उघडली तर `Frame rate mode` समोर `Variable` आणि फ्रेम रेटसमोर २६.४ दिसेल. हा कुठल्याही क्षणाचा खरा वेग नाही, १५,८४० भागिले ६०० एवढाच त्याचा अर्थ. तरीही एडिटरमध्ये क्लिप २६.४ ची आहे असे सांगण्याचा मोह होतो, आणि त्याने शेवट नेमका जुळतोही. मात्र चौथ्या मिनिटाला दिसायला हवी ती फ्रेम आता ४ मिनिटे ३३ सेकंदांवर दिसते. दोन्ही टोके जुळलेली आणि मध्ये सगळे सरकलेले, हे सरळ बिघडलेल्या क्लिपपेक्षा वाईट, कारण दोष लवकर सापडत नाही.

म्हणून एडिट करण्याआधी फाइल स्थिर वेगाची करून घेण्याची पद्धत रुळली. यात चित्राचा वेग बदलत नाही. ठरलेल्या प्रत्येक क्षणी जी फ्रेम असायला हवी ती ठेवली जाते. फ्रेम नसेल तर आधीचीच पुन्हा लिहिली जाते, जास्त असेल तर टाकून दिली जाते. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी `Constant Framerate` निवडून शेजारी आकडा द्यायचा. आज्ञा टाइप करून चालवायच्या एफएफएमपेगमध्ये आज्ञा अशी:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -fps_mode cfr -r 30 \
  -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le kirtan_cfr.mov
```

काम चालू असताना खालच्या ओळीत `dup=` आणि `drop=` असे पुन्हा लिहिलेल्या आणि टाकलेल्या फ्रेम्सचे आकडे पळतात. आपल्या क्लिपला `dup` २,१६० च्या आसपास यायला हवा आणि `drop` शून्याजवळ. इथे `-r 30` कुठे लिहिले आहे याला फार महत्त्व आहे. तेच `-i` च्या आधी लिहिले, तर प्रोग्रॅम फाइलमधल्या वेळा सोडून देतो आणि सगळ्या फ्रेम्स ३० च्या समजून ओळीने मांडतो. म्हणजे जो ५२८ सेकंदांचा घोटाळा टाळायचा होता, तोच कायमचा फाइलमध्ये उतरतो. अनेक जुन्या सूचनांमध्ये `-vsync` दिसेल. २०२२ च्या ५.१ आवृत्तीपासून त्याच्या जागी `-fps_mode` आले.

खरा वाद आकड्याचा आहे: ३० की २५? आपल्याकडे हा वाद जास्त तापतो, कारण लग्नाचे आणि कार्यक्रमांचे मुख्य कॅमेरे अनेक जण २५ वर ठेवतात. टीव्हीची परंपरा २५ ची, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या ट्यूबलाइटखाली १/५० शटरला लुकलुक येत नाही. फोन मात्र कारखान्यातूनच ३० वर येतो. एक बाजू म्हणते, शेवटी टाइमलाइन २५ ची आहे, तर सुरुवातीलाच २५ करा. दुसरी म्हणते, फोनचा जो मूळ वेग तोच ठेवा, पुढचे एडिटर पाहील.

आपल्या क्लिपवर दोन्ही करून पाहू. ३० केले तर पहिली चार मिनिटे जशीच्या तशी राहतात. पुढच्या सहा मिनिटांत मात्र सेकंदाला सहा फ्रेम्स दुहेरी होतात, आणि बुवा हात फिरवतात तेव्हा हालचाल अडखळते. २५ केले तर पहिल्या भागातून सेकंदाला पाच फ्रेम्स, एकूण १,२००, गळतात आणि तिथे झटके येतात. अंधाराच्या भागात उलट सेकंदाला एकच फ्रेम दुहेरी होते आणि डोळ्याला काही जाणवत नाही. या एका क्लिपपुरते २५ सरस ठरते. पण दिवसाउजेडी घेतलेले फुटेज जवळजवळ पूर्ण ३० चे असते. ते २५ करणे म्हणजे दर सहावी फ्रेम विनाकारण फेकणे, आणि एकदा फेकलेली फ्रेम परत मिळत नाही. माझा कल म्हणून ३० कडे आहे. फोनचे शॉट मुख्य कॅमेऱ्याच्या मध्ये चार-दोन ठिकाणीच लागणार असतील तर टाइमलाइनचा आकडा धरायला हरकत नाही, पण सगळे काम फोनवरच घेतले असेल तर २५ चा आग्रह निव्वळ सवयीचा आहे. २९.९७ बद्दल तर इतके भांडण नकोच. ३० वरून रूपांतर करताना सुमारे ३३ सेकंदांना एक फ्रेम जाते. घोटाळा होतो तो रूपांतर न करता ३० ची क्लिप २९.९७ ची आहे असे नुसते सांगितले तर: दहा मिनिटांत ०.६ सेकंद. हा फरक सुरुवातीपासून सरळ रेषेत वाढत जातो. बदलत्या वेगाचा फरक दिवे बदलतात तिथे अचानक वाकतो. दोघांना ओळखण्याची हीच खूण.

२०१८ पासून एका बड्या एडिटिंग सॉफ्टवेअरने बदलत्या वेगाच्या फाइल थेट वाचायला सुरुवात केली. त्यात आवाजाशी मेळ राखायचा की हालचाल गुळगुळीत ठेवायची, असा पर्याय दिला आहे. त्यानंतर ‘आता कन्व्हर्ट करायची गरज नाही’ असे बोलले जाऊ लागले. छोट्या क्लिपपुरते ते खरे आहे. तासाभराच्या मुलाखतीत किंवा कीर्तनात अजूनही आधी रूपांतर करणारे एडिटर आहेत, कारण फाइल पुढे रंगाच्या किंवा आवाजाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेली की तिथे वेळा कशा वाचल्या जातील याचा भरवसा नसतो. याची किंमतही आहे. वरच्या आज्ञेने फाइल मूळच्या कित्येक पट होऊ शकते, आणि फोनने एचडीआरमध्ये घेतलेले फुटेज तसेच घातले तर रंग फिके पडू शकतात. म्हणून रेकॉर्डिंगआधी एचडीआर बंद करणे बरे.

रूपांतराने एक तक्रार मात्र सुटत नाही: बुवांच्या खिशातल्या वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज. त्या यंत्राचे घड्याळ फोनच्या घड्याळापेक्षा दशलक्षात ५० भागांनी वेगळे चालत असेल, तर तासाभरात ०.१८ सेकंद, म्हणजे पाचेक फ्रेम्सचा फरक पडतो. तिथे चित्राला हात न लावता रेकॉर्डरचा आवाज तेवढा ताणावा किंवा आखडावा लागतो. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून ठेवावी, म्हणजे किती ताणायचे ते मोजता येते.