उरलेले अन्न पुन्हा गरम करताना : एकदाच गरम करा, वाटून ठेवा

आमच्याकडून मोठ्या पातेल्याने रस्सा किंवा भात नेणारे ग्राहक नेहमी विचारतात की, उरलेले अन्न रोज चांगले उकळून घेतले तर बिघडते कुठे? प्रश्न रास्त आहे. मात्र बिघाड उकळण्यात नसून उकळल्यानंतरच्या थंड होण्यात असतो, आणि पातेले जितक्या वेळा गरम कराल तितक्या वेळा तो धोका नव्याने पत्करावा लागतो.

शिजवताना बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातील सुप्त रूपे, उकळत्या रश्श्यातही टिकतात. मांसाच्या रश्श्यात आढळणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि भातात आढळणारा बॅसिलस सीरियस हे दोन्ही याच जातीचे. उष्णतेने हे बीजाणू मरत तर नाहीतच, उलट रुजायला तयार होतात, आणि अन्न निवत 60 अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्यांतून निघालेले जिवाणू वाढू लागतात. परफ्रिंजेन्सला 43 ते 47 अंशांची ऊब सर्वाधिक मानवते. अशा अनुकूल स्थितीत त्याची संख्या सुमारे 10 मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे तासाभरात 64 पट आणि दोन तासांत 4,096 पट. प्रत्यक्षात वाढ सुरू व्हायला थोडा वेळ लागतो आणि तापमानही एकाच जागी थांबत नाही, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादेचा समजावा.

पुढच्या वेळी नीट उकळल्यावर हे वाढलेले जिवाणू मरतात, हे खरे आहे. परंतु त्यांतील काहींनी मधल्या काळात अन्नात सोडलेले विष तसेच राहते. बॅसिलस सीरियसचे उलटी घडवणारे विष आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे विष, दोन्ही स्वयंपाकघरातल्या उकळीला दाद देत नाहीत. स्टॅफिलोकॉकस तर बहुधा हातावाटे किंवा वारंवार बुडवलेल्या डावावाटे शिजलेल्या अन्नात येतो, आणि पातेले जितक्या वेळा उघडले जाते तितकी त्याला संधी मिळते. अशा अन्नाला वास येईलच असे नाही, चवही बदललेली नसते. म्हणून हुंगून पाहण्याच्या सवयीवर येथे विसंबू नये.

एक उदाहरण पाहू. 3 लिटर घट्ट रस्सा असून रोज रात्री 750 मिलिलिटर लागतो. पहिल्या रात्री ताजा वाढून उरलेले पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवले आणि रोज सगळे गरम करून गरजेपुरते काढले, तर चौथ्या रात्रीचा वाटा तीनदा थंड आणि तीनदा गरम झालेला असतो. त्यातही पातेल्यातला रस्सा 15 सेंटिमीटर खोल असेल तर त्याच्या मध्यभागी ऊब तासन्‌तास टिकते, मग बाहेरून भांडे गार का लागेना. घट्ट पदार्थात थर तिप्पट जाड झाला तर निवण्याचा वेळ ढोबळमानाने नऊपट होतो, आणि उथळ भांडे वापरण्यामागे एवढेच गणित आहे.

तोच रस्सा पहिल्या रात्रीच, वाढून झाल्याबरोबर, स्वच्छ डावाने 750 मिलिलिटरच्या तीन पसरट डब्यांत ओतावा. थर 5 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. डबे एकमेकांवर न रचता, झाकण किंचित उघडे ठेवून, वाफ ओसरेपर्यंत बाहेर ठेवावेत. घाई असेल तर थंड पाण्याच्या परातीत ठेवावेत. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते 5 अंश किंवा त्याहून थंड फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. चौथ्या रात्रीचा डबा आम्ही सरळ फ्रीझरमध्ये ठेवायला सांगतो आणि आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवायला. बाहेर ओट्यावर विरघळवू नये. अशा रीतीने प्रत्येक वाटा एकदाच निवतो आणि एकदाच गरम होतो. भात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवावा.

गरम करताना मध्यभागी 75 अंश यायला हवेत. अन्नाचा थर्मामीटर नसेल तर रस्सा मधोमध खळखळून उकळू द्यावा आणि ढवळून पुन्हा उकळी आणावी. मायक्रोवेव्हमध्ये कडा पोळतात आणि मधला भाग कोमट राहतो, म्हणून अर्ध्या वेळाने डबा काढून ढवळावा आणि शेवटी दोन मिनिटे झाकून ठेवावा.

डब्यातले थोडे उरलेच, तर ते पुन्हा फ्रीजमध्ये न ठेवता टाकून द्यावे. टाकताना जीव हळहळतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून कमी खाणाऱ्यांच्या घरी 750 ऐवजी 400 मिलिलिटरचे डबे भरावेत. एक डबा कमी पडला तर दुसरा उघडता येतो.