कोड्यांची पेटी आठ दिवसांत ‘संपते’ तेव्हा: दुसरीच्या वर्गशिक्षकांसाठी माहितीपत्रक

आमची कोडी आणि जिभेच्या कसरतींची पेटी घेतलेल्या शिक्षकांचे जूननंतर फोन येतात आणि त्यातल्या बऱ्याच फोनांत एकच वाक्य असतं: ‘पेटी छान आहे, पण आठ दिवसांत संपली. मुलांना सगळी उत्तरं पाठ झाली. नवीन कोडी पाठवा.’ नवीन कोडी आम्ही आनंदाने पाठवू, तो आमचा व्यवसायच आहे. पण आधी हे चार शब्द वाचा. चाळीस कोडी आठ दिवसांत संपत असतील, तर खेळ नेमका कुठे तुटतो हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तो तसाच तुटत राहिला तर पुढची चाळीस कोडीही आठ दिवसांतच संपतील.

खेळ तुटतो तो पहिल्या उत्तरापाशी. बाई कोडं घालतात, पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा ‘फणस!’ म्हणून ओरडतो, बाई ‘शाब्बास’ म्हणतात आणि पुढचं कार्ड उचलतात. अर्ध्या मिनिटात कोडं आटोपतं. त्या अर्ध्या मिनिटात सोळा मुलांच्या वर्गात एकच मूल बोललं, तेही एकच शब्द. ही पेटी ज्या तोंडी भाषेच्या सरावासाठी केली आहे, तो सराव झालाच नाही. आमच्या लेखी उत्तर म्हणजे कोड्याचा शेवटचा आणि सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. मुलं बोलतात ती उत्तराच्या आधी आणि नंतर.

म्हणूनच आम्ही कार्डाच्या मागे उत्तर छापत नाही आणि चित्रही देत नाही. ‘एवढ्या किमतीत चित्रं तरी द्यायची’ असं काही जण म्हणतात. चित्र दिलं की मूल ऐकायचं थांबतं आणि बघू लागतं. कार्ड मुलाच्या हातात दिलं की तो वाचनाचा तास होतो आणि ज्याला अजून अडखळत वाचता येतं ते मूल गप्प बसतं. आमचं कार्ड शिक्षकांच्या हातात राहायचं. उत्तरांची पुस्तिका वेगळी आहे, ती कपाटात ठेवा.

आता एकच कोडं पूर्ण खेळून दाखवतो. पेटीतलं सातवं कार्ड घ्या:

अंगभर काटे, पोटात सोनं,
तेल लावल्यावाचून हात लावेल कोण?

वर्गात सोळा मुलं आहेत असं धरा. चौघांच्या चार होड्या करा. खडूने फरशीवर दोन रेघा मारल्या की मधली जागा झाली खाडी. पेटीतल्या पिशवीतले चिंचोके काढून प्रत्येक मुलाला दोन-दोन द्या. नियम असा की एक पूर्ण वाक्य बोललं की एक चिंचोका मधल्या करवंटीत टाकायचा. दोन्ही संपले की त्या कोड्यापुरतं आपलं बोलणं संपलं, मग इतरांचं ऐकायचं. बोलकी मुलं पहिल्या दोन मिनिटांत मोकळी होतात आणि मग वर्गाला न बोलणाऱ्यांकडे वळावंच लागतं. गप्प मुलाला ‘बोल ना’ म्हणायची गरज उरत नाही, त्याच्या मुठीतले चिंचोके सगळ्यांना दिसत असतात.

कोडं दोनदा सावकाश सांगा, कार्डात न बघता सांगितलं तर उत्तम. ज्याला उत्तर सुचलं त्याने मूठ डोक्यावर ठेवायची, तोंड उघडायचं नाही. दोन-तीन मुठी वर आल्या तरी ‘सांग’ म्हणू नका. उलट मिनिटभर होडीतल्या होडीत कुजबुजायला सांगा. मग प्रत्येक होडीकडून उत्तर नको, एक ‘कशावरून’ मागा: ‘कोड्यातली एक खूण सांगा आणि ती तुमच्या वस्तूला कशी लागते ते सांगा, वस्तूचं नाव न घेता.’

इथून खरी मजा सुरू होते. एक होडी म्हणते, ‘त्याच्या अंगाला हात लावला की टोचतं.’ दुसरी म्हणते, ‘आत पिवळं असतं.’ तिसऱ्या होडीतल्या मुलाला राहवत नाही आणि तो ‘अननस’ म्हणून टाकतो. हा क्षण वाया घालवू नका. ‘चूक’ म्हणू नका आणि ‘बरोबर’ही म्हणू नका. अननस कोड्यातल्या एकेका खुणेवर घासून बघायचा. अंगभर काटे? डोळे आहेत, टोचतातही, चालेल. पोटात सोनं? आतून पिवळा, तेही चालेल. तेल लावल्यावाचून हात लावत नाहीत? इथे अननस अडकतो. ‘तुमच्याकडे अननस कापताना आई हाताला तेल लावते का?’ एवढंच विचारा. कोणी तरी ‘साळिंदर’ म्हणेल, त्यालाही याच तीन पायऱ्या उतरायला लावा. काटे आहेत, सोनं नाही. चुकीचं उत्तर असं तपासताना मुलं ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तर’ हे शब्द आपणहून वापरतात आणि दुसरीच्या मुलाचं वाक्य लांब होतं ते या शब्दांनीच.

मग एखादी मुलगी सांगते, ‘बाई, पणस! तेका चीक असता, हाताक लागता.’ ती पूर्ण कारण सांगते आहे, तिचा चिंचोका करवंटीत पडलाच पाहिजे. ‘पणस नाही, फणस म्हण’ असं तिथे अडवू नका. आपण फक्त म्हणायचं, ‘हो, फणसाला चीक असतो, तो हाताला लागतो.’ तिला दोन्ही रूपं कानावर पडली, लाज वाटली नाही आणि पुढच्या वेळी ती पुन्हा बोलेल. घरची मालवणी किंवा संगमेश्वरी बोली हा या खेळात दोष नाही. ज्या मुलाकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं ते बरेचदा घरच्या बोलीतच सांगतं.

उत्तर सापडल्यावर होडी खाडी ओलांडते, पण टोल भरून. टोल म्हणजे जिभेची कसरत. फणसाच्या कार्डाबरोबर आम्ही जुनीच ओळ दिली आहे: ‘चटईला टाचणी टोचली’. ही ओळ अवघड का, ते एकदा स्वतः म्हणून बघा. ट म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. यातला च मात्र ‘चमचा’तल्या चसारखा, दातांमागे उच्चारायचा. तीन शब्दांत जीभ सारखी वरखाली धावते.

इथे लगेच ‘लवकर म्हणा, लवकर म्हणा’ म्हटलं की मुलं हसतात, पण शिकत काहीच नाहीत. आधी प्रत्येकाने एकट्याने, शब्दागणिक एक टाळी देत सावकाश म्हणायचं. ते स्वच्छ आलं की नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, आणि शेवटी होडीतल्या चौघांनी एकामागोमाग एक, न थांबता. कोणी घसरलं तर सगळी होडी सावकाश टाळीवर परत येते. त्या एकट्याला बाद करायचं नाही. घसरण ऐकताना एवढं लक्ष द्या: मूल दर वेळी त्याच जागी अडकत असेल, उदाहरणार्थ ‘टोचली’चं ‘टोटली’ होत असेल, तर तो एकच शब्द वेगळा काढून म्हणवून घ्या. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर त्याला फक्त घाई झाली आहे.

दुसरीत निम्म्या वर्गाचे पुढचे दुधाचे दात पडलेले असतात, हेही ध्यानात ठेवा. दातांच्या फटीतून वारा जातो, मग स, त, थ आणि दातांमागचा च नीट येत नाही. अशा मुलाला ‘कच्चा पापड, पक्का पापड’ द्या. त्यात ओठ आणि घशाजवळची जीभ जास्त काम करतात. आमचं ‘खारी खाडी, खोल खाडी, खाडीकाठी काकीची गाडी’ हेही त्याला जमेल. पेटीतल्या बारा कसरतींवर ओठ, दात आणि टाळू अशा तीन रंगांच्या पट्ट्या आहेत त्या याचसाठी. आणि जे मूल बोलताना तोतरं अडखळतं, त्याला वेगाच्या फेरीत उभं करू नका. त्याने ओळ होडीबरोबर एका सुरात म्हणावी. सर्वांबरोबर म्हणताना अशा मुलांचं अडखळणं बहुधा कमी होतं. आमची पेटी उच्चारदोषावरचा उपचार नाही, त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञच गाठायला हवा.

एवढं झालं की एकच काम राहतं आणि पेटी संपते ती हे सोडल्यामुळे. उत्तर कळलेलं कोडं उलटं करायचं. ‘फणस सगळ्यांना कळला. आता काटे, सोनं आणि तेल हे तिन्ही न वापरता फणसाचं नवीन कोडं कोण करेल?’ मुलं आठळ्यांवर येतात, झाडाच्या बुंध्यालाच फळ धरतं यावर येतात, घरभर वास सुटतो यावर येतात. तीन खुणा जमल्या की नवीन कोडं तयार. ते पेटीतल्या कोऱ्या कार्डावर तुम्ही लिहा, मागे मुलाचं नाव घाला, आणि पुढच्या आठवड्यात पहिलीच्या मुलांना घाला. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसत असेल तर हे फारच सोयीचं.

असं खेळलं तर एका कोड्याला पंधरा मिनिटं लागतात. आठवड्याला तीन कोडी पुष्कळ झाली. त्या हिशेबाने चाळीस कोड्यांची पेटी तीन-साडेतीन महिने पुरते. वर्गात तीसच्या वर मुलं असतील तर निम्म्यांना खेळवा आणि निम्म्यांना चिंचोके मोजायला बसवा, दुसऱ्या दिवशी पाळी बदला.

चिंचोके हरवले म्हणून काही शाळांत काजूच्या बिया वापरल्या जातात. ते कृपया करू नका. कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलाने हाताची कातडी भाजते आणि मुलं तोच हात डोळ्याला लावतात. शिंपले, कवड्या, गोटे, काहीही चालेल. आमच्याकडे चिंचोक्यांची पिशवी सुटीही मिळते.

पावसाळ्यात कार्डं दमट होऊन वाकतात ही तक्रार रास्त आहे. म्हणून आता सगळी कार्डं आम्ही प्लॅस्टिकचं आवरण चढवून देतो. जुन्या पेटीतली कार्डं आणून दिलीत तर त्यांनाही आवरण घालून देऊ, पेटीच्या मूळ ग्राहकांना त्याचे पैसे लागणार नाहीत. पन्नास कोऱ्या कार्डांचा संच वेगळा घेता येतो आणि खरं सांगायचं तर नव्या पेटीपेक्षा बहुतेक शाळांना तोच जास्त उपयोगी पडतो. मासे, भातशेती आणि गणपती यांवरच्या कोड्यांची दुसरी पेटीही तयार आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा मेअखेरपर्यंत मागणी कळवलीत तर पेटी पहिल्या आठवड्यात शाळेत पोहोचेल. सोबत वर्गातली मुलं किती, आणि पहिली-दुसरी एकत्र बसते की वेगळी, एवढं लिहा, म्हणजे चिंचोके आणि कोरी कार्डं त्या मापाने भरता येतील.