ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे जर्मनीतलं बँक खातं नव्हे

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडलं की "जर्मनीतलं खातं झालं" असं समजून मुलं निघतात आणि पहिल्याच महिन्यात अडकतात. कृपा करून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणं थांबवा.

ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे श्पेरकोंटो, तुम्हाला ठाऊकच आहे: वर्षाचे 11,904 युरो आधीच भरायचे, मग दरमहा 992 सुटतात. भरताना मधल्या बँकांचं शुल्क धरून थोडे जास्त पाठवा. चार युरो कमी पोचले तरी व्हिसासाठी लागणारं खात्याचं पत्र अडतं.

खरा घोळ आयबॅनचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा आहे. पैसे भरण्यासाठी मिळालेला आयबॅन पैसे आत घेण्यापुरता असतो. त्यातून भाडं कापलं जात नाही, विम्याचा हप्ता जात नाही. घरमालकाला तो दिलात तर भाड्याची वसुली परत जाते. सुटणारे 992 युरो ज्या खात्यात येतात ते गिरोकोंटो, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं चालू खातं, आणि ते वेगळं उघडावं लागतं. काही कंपन्या दोन्ही एकत्र देतात, तरी खाती दोनच.

गिरोकोंटोचा क्रम असा: घर मिळालं की घरमालकाच्या सहीचा राहण्याचा दाखला घ्या, तो दाखवून ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करा, मग ते प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि विद्यापीठाचा प्रवेशदाखला घेऊन बँकेत जा. काही बँका व्हिडिओवरून ओळख पटवताना भारतीय पासपोर्ट घेत नाहीत. तेव्हा पोस्टात जाऊन ओळख पटवावी लागते. शेवटी नवा आयबॅन ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला कळवा. खातं तुमच्याच नावावर हवं, मित्राचं चालत नाही. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे 'नाव' या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नावही छापलेलं असतं, ते गाळलंत की दोन नावं जुळत नाहीत.

आता तारखा बघा. 2 ऑक्टोबरला पोचलात, ब्युर्गरआम्टची वेळ 14 ला मिळाली, खातं 24 ला सुरू झालं, तर पहिले 992 युरो हातात पडायला नोव्हेंबर उजाडतो. तोवर हीटिंग वगैरे खर्चासकट 450 युरो भाडं आणि त्यातलं मूळ भाडं 350 असेल तर त्याच्या तीन महिन्यांचं, म्हणजे 1,050 पर्यंत डिपॉझिट. जेवणखाण धरून 2,000 युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवाच.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: कार्ड आणि पिन बहुधा वेगवेगळ्या पाकिटांतून पोस्टाने येतात. इमारतीच्या पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. खोली कुणाकडे पोटभाड्याने घेतली असेल, तर अर्ज करण्याआधी पेटीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवा.