रेषा अक्षावर भेटल्या की अलीकडे? नॉन-कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशनच्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात मेडिकल चौक, सीताबर्डी, धरमपेठ या भागांतल्या अभ्यासिकांत बायोकेमिस्ट्रीची दोन तऱ्हेची मुलं शेजारी बसतात. काही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची, काही एमएस्सी करून नेट परीक्षेच्या मागे लागलेली. एन्झाइमच्या बहुतेक प्रश्नांवर त्यांचं एकमत असतं. दुहेरी व्यस्त आलेखाचा एक प्रश्न मात्र असा आहे की त्यावर दोन्ही बाजू आपापलं पुस्तक उघडून दाखवतात आणि दोन्ही बाजूंच्या पुस्तकात उत्तर छापलेलं असतं.

प्रश्न असा. इनहिबिटर नसताना रेषा उभ्या अक्षाला ०.०५ वर आणि आडव्या अक्षाला −०.२५ वर छेदते. इनहिबिटर घातल्यावर हे छेद ०.१० आणि −०.१६७ होतात. प्रकार ओळखा. मेडिकलची मुलं म्हणतात मिक्स्ड, कारण Km बदलला. नेटवाल्यांपैकी बरेच जण म्हणतात नॉन-कॉम्पिटिटिव्ह, कारण उतारही बदलला आणि छेदही. या भांडणाचं मूळ १९६३ साली आलेल्या नावांच्या एका नव्या मांडणीत आहे. ते समजायला थोडं मागं जावं लागतं, पण फार मागं नाही.

वेग आणि सबस्ट्रेट यांचं समीकरण १९१३ मध्ये आलं. एन्झाइमला अडवणारे पदार्थ दोन तऱ्हांचे, जागेसाठी भांडणारे आणि न भांडणारे, ही विभागणीही त्याच सुमाराची आहे. तेव्हा या दोनच शक्यता गृहीत धरल्या होत्या. हाती आलेली आकडेवारी यांपैकी एका खणात बसवायची, अशीच रीत होती. १९३४ मध्ये हा दुहेरी व्यस्त आलेख, म्हणजेच लाइनविव्हर-बर्क आलेख, आला. त्यामागची मंडळी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंवर काम करत होती आणि त्यांना वक्ररेषेवरून कमाल वेगाचा अंदाज बांधण्यापेक्षा पट्टीने ओढता येणारी रेषा हवी होती. 1/v हे 1/[S] विरुद्ध मांडलं की उभ्या अक्षावर 1/Vmax मिळतो, आडव्या अक्षावर −1/Km, आणि उतार Km/Vmax. पट्टी, पेन्सिल आणि आलेखाचा कागद एवढ्यावर काम भागत असल्यामुळे ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत आणि तिथून प्रश्नपत्रिकांत गेली.

आता वरचाच प्रश्न आकड्यांनी सोडवू. मूळ एन्झाइमचा Vmax २० मायक्रोमोल प्रतिमिनिट आणि Km ४ मिलिमोलर धरा. मग रेषा होते 1/v = 0.05 + 0.2/[S]. स्पर्धक इनहिबिटरने Km दुप्पट केला तर 1/v = 0.05 + 0.4/[S]. उभ्या अक्षावरचा छेद जागचा हलत नाही. आडव्या अक्षावरचा −०.२५ वरून −०.१२५ वर येतो, म्हणजे उजवीकडे, शून्याकडे सरकतो. इथे घाईत उलटा अर्थ लावला जातो. शून्याजवळ गेलेला छेद म्हणजे वाढलेला Km, कारण आपण व्यस्त संख्या वाचतो आहोत. तसंच वर गेलेली रेषा म्हणजे मंदावलेला वेग. हे दोन उलटे अर्थ पक्के असले की कॉम्पिटिटिव्हच्या प्रश्नात चुकायला जागा उरत नाही. रेषा उभ्या अक्षावर भेटल्या, विषय संपला. या भागावर कोणाचाही वाद नाही.

वाद दुसऱ्या खणाचा. पाठ्यपुस्तकातला शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर Vmax निम्मा करतो आणि Km ला हात लावत नाही. आपल्या उदाहरणात 1/v = 0.10 + 0.4/[S]. उभा छेद दुप्पट, उतार दुप्पट, आणि दोन्ही रेषा आडव्या अक्षावर −०.२५ लाच भेटतात. चित्र देखणं आहे, फळ्यावर पटकन काढता येतं. पण तसं घडायला इनहिबिटरने मोकळ्या एन्झाइमला आणि सबस्ट्रेट धरून बसलेल्या एन्झाइमला अगदी सारख्याच ताकदीनं चिकटावं लागतं. सबस्ट्रेट बसल्यावर एन्झाइमचा आकार थोडा तरी बदलतोच, त्यामुळे या दोन ताकदी तंतोतंत सारख्या असणं हा योगायोग म्हणायला हवा. हायड्रोजन आयन आणि काही धातूंचे आयन यांसारखे चिमुकले इनहिबिटर सोडले तर खरी उदाहरणं सापडायला कष्ट पडतात.

दोन ताकदी वेगळ्या असल्या की काय होतं, ते आपल्या प्रश्नात आहे. उतार तिप्पट, छेद दुप्पट: 1/v = 0.10 + 0.6/[S]. ही रेषा मूळ रेषेला −०.१२५ वर, पण अक्षाच्या ०.०२५ इतकी वर भेटते. दिसणारा Km आता ६. इनहिबिटर मोकळ्या एन्झाइमला जास्त घट्ट चिकटतो म्हणून भेट अक्षाच्या वर झाली. सबस्ट्रेट धरलेल्या एन्झाइमला जास्त घट्ट चिकटला असता तर भेट अक्षाखाली झाली असती आणि दिसणारा Km उलट कमी झाला असता.

१९६३ च्या मांडणीत या सगळ्याला एकच नाव दिलं गेलं. ती मांडणी दोन-तीन सबस्ट्रेट असलेल्या एन्झाइमांसाठी केलेली होती. तिथे विचारलं जातं ते इतकंच की इनहिबिटरमुळे उतार बदलतो का आणि उभा छेद बदलतो का. फक्त उतार बदलला तर कॉम्पिटिटिव्ह. फक्त छेद बदलला तर अनकॉम्पिटिटिव्ह, रेषा समांतर. दोन्ही बदलले तर नॉन-कॉम्पिटिटिव्ह, मग रेषा अक्षावर भेटोत, वर भेटोत की खाली. अक्षावरची भेट ही या कुटुंबातली एक विशेष स्थिती, तिला वेगळं नाव देण्याची गरज तिथे वाटली नाही.

वैद्यकीय पुस्तकांनी हा बदल घेतला नाही. त्यांना औषधं शिकवायची होती आणि त्यासाठी ‘Km तसाच, Vmax कमी’ हे वाक्य लक्षात ठेवायला सोपं होतं. शुद्ध प्रकाराला नॉन-कॉम्पिटिटिव्ह म्हणत राहिले आणि उरलेल्याला मिक्स्ड. रसायनाच्या अंगाने लिहिलेल्या काही पुस्तकांनी उलट क्रम लावला, मिक्स्ड हा मूळ प्रकार आणि नॉन-कॉम्पिटिटिव्ह हे त्याचं दुर्मीळ रूप. म्हणून आज एकाच टेबलावरच्या तीन पुस्तकांत एकाच आलेखाला दोन नावं मिळतात. प्रश्नपत्रिका काढणारा कोणत्या पुस्तकावर वाढला, ते पर्यायांवरून ताडावं लागतं. पर्यायांत मिक्स्ड दिलेलं असेल तर नॉन-कॉम्पिटिटिव्ह शुद्ध अर्थाने वापरलेलं आहे. मिक्स्ड नसेल आणि रेषा उभ्या अक्षाच्या डावीकडे कुठेही भेटत असतील, तर १९६३ चा अर्थ चालू आहे. माझ्या मते परीक्षकाने नाव न विचारता दिसणारा Km आणि Vmax विचारावा. पण नाव विचारणं सोपं असल्यामुळे तेच विचारलं जातं.

या वादात एक अडचण क्वचित बोलली जाते. रेषा अक्षावर भेटल्या की जरा वर, हे ज्या भागात ठरतं तिथे एकही मोजलेला बिंदू नसतो. ऋण 1/[S] म्हणजे ऋण सांद्रता, ती कोणी परीक्षानळीत घालू शकत नाही. भेटीचा बिंदू ही दोन रेषा मागे वाढवून मिळालेली जागा. आणि त्या रेषांचा उतार ठरवतात सर्वात कमी सबस्ट्रेटचे बिंदू, म्हणजे सर्वात कमी भरवशाचे. आपल्याच उदाहरणात ०.२५ मिलिमोलरला वेग सुमारे १.१८ येतो. मोजण्यात ०.२ ची चूक झाली तर 1/v हा ०.८५ ऐवजी ०.७२ पासून १.०२ पर्यंत कुठेही पडतो. तीच ०.२ ची चूक १६ मिलिमोलरला, जिथे वेग १६ आहे, 1/v ला ०.०६२५ वरून जेमतेम हलवते. पट्टी ठेवणारा माणूस मात्र दूरच्या उजव्या बिंदूलाच मान देतो. १९३४ च्या सुमारास मूळ मंडळींनी स्वतः बिंदूंना वजन देऊन रेषा बसवली होती, पण वर्गात पट्टी उरली आणि वजन गेलं. १९६५ मध्ये कृत्रिम चुका घालून वेगवेगळ्या रेषीय आलेखांची तुलना झाली, त्यात हा आलेख सर्वात वाईट ठरला. आता प्रयोगशाळांत संगणकावर सरळ वक्ररेषाच बसवतात आणि दुहेरी व्यस्त आलेख दाखवण्यापुरता काढतात. म्हणजे खऱ्या आकडेवारीत शुद्ध आणि मिक्स्ड यांतला फरक बऱ्याचदा मोजणीतल्या चुकांच्या पट्ट्यातच बुडून जातो, आणि १९६३ ची सैल व्याख्या तिथे जास्त प्रामाणिक वाटते.

विदर्भातल्या वर्गांत हा विषय आणखी एका दाराने येतो, तो म्हणजे फवारणीची विषबाधा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे मजूर आणि शेतकरी दगावले, त्यानंतर तर ऑर्गॅनोफॉस्फेट आणि असिटिलकोलिनएस्टरेज हे उदाहरण शिक्षक हमखास घेतात. हे विष एन्झाइमच्या क्रियाशील जागेतल्या सेरीनलाच सहसंयुज बंधाने जखडतं. जागा तीच, म्हणून मुलं कॉम्पिटिटिव्ह लिहितात. विषाने आधी काही वेळ भिजवलेल्या एन्झाइमचा आलेख काढला तर मात्र रेषा आडव्या अक्षावर भेटतात, हुबेहूब शुद्ध नॉन-कॉम्पिटिटिव्ह. कारण साधं आहे. निम्मे रेणू कायमचे बाद झाले, Vmax निम्मा झाला. उरलेले निम्मे रेणू धडधाकट आहेत, त्यांचा Km पूर्वीचाच. शिसं आणि फेरोकेलाटेज हे उदाहरण काही पुस्तकांत नॉन-कॉम्पिटिटिव्हखाली दिसतं. सिस्टीनला घट्ट धरणाऱ्या धातूंबाबत तेही याच नजरेनं तपासून घ्यायला हवं.

इनहिबिटर कायमचा चिकटला आहे की सुटून जाऊ शकतो, हा भेद आलेखाला दिसत नाही, तो दुसऱ्या प्रयोगाने काढावा लागतो. मिश्रण डायलिसिसच्या पिशवीत घालून इनहिबिटर धुऊन काढा. उलट फिरणारा इनहिबिटर असेल तर वेग परत येतो, ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये येत नाही. किंवा एकूण एन्झाइमचं प्रमाण वाढवत Vmax मोजा. उलट फिरणाऱ्या नॉन-कॉम्पिटिटिव्हमध्ये रेषा शून्यातूनच निघते, फक्त उतार कमी असतो. कायमचा बंध असेल तर उतार मूळचाच राहतो, पण रेषा उजवीकडे सरकते, कारण ठरावीक मात्रेतल्या विषाने सुरुवातीचं तेवढं एन्झाइम खाल्लेलं असतं. प्रॅलिडॉक्सिम हे या विषावरचं औषध दिल्यावर वेग परतला तर तो विष धुऊन निघाल्यामुळे नव्हे, सेरीनवरचा फॉस्फेट गट उचलल्यामुळे परततो, आणि बंध जुना होऊन पक्का झाला असेल तर तोही परतत नाही. प्रश्नात फक्त दोन रेषा दिल्या असतील आणि पर्यायांत ‘इर्रिव्हर्सिबल’ आणि ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ दोन्ही असतील, तर आलेखाकडे कितीही बघून उत्तर मिळत नाही. प्रश्नाच्या मजकुरात विषाचं नाव आहे का, किंवा धुण्याचा उल्लेख आहे का, ते शोधावं लागतं.