जीएसटीचा परतावा अडकलाय? अर्जात 'का' विचारू नका

आमच्या तालुक्याच्या गावात पाइप-मोटारींचं दुकान चालवणारे एक भाऊ आहेत. एप्रिलमध्ये नेट गेलं, चलन भरलं गेलं की नाही कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा भरलं. ₹१८,६०० कॅश लेजरमध्ये जादा पडले. त्यांचा बहुतेक कर इनपुट क्रेडिटमधूनच भागतो, त्यामुळे ती रक्कम नुसतीच पडून. २१ एप्रिलला RFD-01 हा परताव्याचा अर्ज भरला. ६० दिवसांत आदेश व्हायला हवा, म्हणजे २० जूनपर्यंत. झाला नाही. कार्यालयात गेलं की 'बघतो, साहेब रजेवर आहेत' एवढंच. म्हणून माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरलं.

माहिती अधिकार टाकण्याआधी जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून दोन गोष्टी बघा. Services मधल्या Refunds खाली Track Application Status मध्ये एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक टाका, आणि View Additional Notices/Orders उघडा. नोंदणीत कर सल्लागाराचाच मोबाइल आणि मेल दिलेला असतो, त्यामुळे RFD-03 म्हणजे त्रुटीपत्र तिथे महिनाभर न वाचलेलं पडलेलं मी कितीदा बघितलंय. त्रुटीपत्र आलं असेल तर दुरुस्त करून नव्याने अर्ज करायचा असतो. RFD-08 ही कारणे दाखवा नोटीस असेल, तर RFD-09 मध्ये १५ दिवसांत उत्तर द्यायचं. कधी आदेशही झालेला असतो, पण बँक खात्याची पडताळणी न झाल्यामुळे पैसे अडकतात. यापैकी काही असेल तर माहिती अधिकाराची गरजच नाही.

या भाऊंच्या पोर्टलवर फक्त पोचपावती होती, RFD-02. मग अर्ज कुठे करायचा? इथे बरेच जण चुकतात. जीएसटीचे काही व्यापारी राज्याकडे, काही केंद्राकडे वाटलेले आहेत. पोर्टलवर Search Taxpayer मध्ये आपला जीएसटी क्रमांक टाकला की Administrative Office पुढे STATE की CENTER ते दिसतं. राज्य असेल तर राज्यकर कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्र असेल तर तो स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लेखा अधिकाऱ्याच्या नावे. दोन्हीकडे ऑनलाइनही करता येतो, राज्यासाठी rtionline.maharashtra.gov.in आणि केंद्रासाठी rtionline.gov.in.

अर्ज दुकानाच्या नावाने नको, स्वतःच्या नावाने करा. हा हक्क नागरिकाला आहे. माहिती कशाला हवी ते सांगावं लागत नाही. कागदपत्रं सक्तीची नाहीत, पण एआरएनची पोचपावती आणि नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी. म्हणजे 'ही तिसऱ्याची वैयक्तिक माहिती' असं उत्तर येत नाही.

आता मुख्य मुद्दा. भाऊंनी लिहून आणलं होतं, 'माझा परतावा का दिला नाही?' अशा अर्जाला 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही' एवढंच उत्तर येऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय की 'का'चं समर्थन मागणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. जे कागदावर आहे तेच मिळतं. म्हणून आम्ही असं लिहिलं:

"एआरएन क्रमांक अमुक, दि. २१ एप्रिलचा परतावा अर्ज. (१) हा अर्ज आजपर्यंत कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होता, त्यांचे पदनाम. (२) यावरील सर्व टिप्पण्यांच्या साक्षांकित प्रती. (३) मला पाठवलेल्या पत्रांच्या व नोटिसांच्या प्रती, जावक क्रमांकासह."

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गाऱ्हाणं लिहायला जागाच नाही, आणि ते बरंच आहे.

२ जुलैला अर्ज दिला, ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. टिप्पणीत ३ जूनची नोंद होती: 'करदात्याकडून खुलासा प्रतीक्षेत.' पण जावक क्रमांकाचा रकाना कोरा होता. खुलासा मागणारं पत्र कधी निघालंच नव्हतं! त्या पानाची प्रत जोडून भाऊंनी वरिष्ठ अधिकाऱ्याला एक पानी निवेदन दिलं, आणि पुढच्या पंधरवड्यात RFD-06 हा मंजुरीचा आदेश निघाला.

उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत त्याच विभागाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. राज्यात त्यासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, केंद्रात शुल्क नाही. पुढे ९० दिवसांत दुसरं अपील. राज्याच्या प्रकरणात ते राज्य माहिती आयोगाकडे, यवतमाळ, वाशीमकडच्यांना अमरावती खंडपीठ आणि वर्धा, चंद्रपूरकडच्यांना नागपूर. केंद्राच्या प्रकरणात केंद्रीय माहिती आयोग. तिथे नंबर लागायला बराच काळ जातो, म्हणून पहिल्याच अर्जात नीट मागा. आणि टपालाची पोचपावती जपून ठेवा, मुदत अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मोजावी लागते.