मस्ट, शुड, ऑट टू आणि हॅव टू : कर्तव्यवाचक क्रियापदांची पार्श्वभूमी

सक्ती आणि सल्ला व्यक्त करण्यासाठी इंग्रजीत जी चार क्रियापदे सर्रास वापरली जातात, त्यांपैकी मस्ट, शुड आणि ऑट ही तीन मुळात भूतकाळाची रूपे होती. शुड हे शॅलचे भूतकाळी रूप, आणि जुन्या इंग्रजीत शॅलच्या पूर्वरूपाचा अर्थ ‘देणे लागतो’ असा होता. ऑट हे ओ या क्रियापदाचे भूतकाळी रूप. त्याचा मूळ अर्थ ‘मालकीचे असणे’, आणि पुढे तो ‘देणे असणे’ असा झाला. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या ‘हेन्री चौथा, भाग पहिला’ या नाटकात खाणावळीची मालकीण फॉल्स्टाफ या पात्राचे म्हणणे राजपुत्राला सांगते, ‘यू ऑट हिम अ थाउजंड पाउंड’, म्हणजे तुम्ही त्याचे हजार पौंड देणे लागत होता. पैशाचे देणे हळूहळू नैतिक देणे झाले आणि शब्द वर्तमानकाळात स्थिरावला. मस्टची वाट अधिक वाकडी आहे. ज्या क्रियापदाचे ते भूतकाळी रूप, त्याचा अर्थ आधी ‘मुभा असणे’ असा होता, सक्तीचा अर्थ नंतर बळावला. आजही ‘मस्ट नॉट’मधून सक्तीचा अभाव नव्हे, तर मनाई व्यक्त होते, हे त्या जुन्या अर्थाशी चांगले जुळते.

भूतकाळी रूपेच वर्तमानात वापरली जाऊ लागल्यामुळे या तिघांना स्वतःचा भूतकाळ उरला नाही. ही उणीव हॅव टूने भरून काढली. ‘आय हॅव अ लेटर टू राइट’ या वाक्यात हॅव म्हणजे जवळ असणे. लिहायचे पत्र माझ्याजवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘आय हॅव टू राइट अ लेटर’ असा शब्दक्रम रूढ झाला तसा पत्र जवळ असण्याचा भाव मागे पडला आणि लिहिणे भाग आहे, हा अर्थ पुढे आला. हॅव हे पूर्ण क्रियापद असल्याने त्याला हॅड टू आणि विल हॅव टू ही रूपे सहज मिळाली, आणि ‘डोंट हॅव टू’मुळे ‘गरज नाही’ म्हणण्याचीही सोय झाली.

मराठी विद्यार्थी नेमका याच ठिकाणी चुकतो. ‘मला जावे लागले’ याचे तो ‘आय मस्ट हॅव गॉन’ असे करतो. पण त्या वाक्याचा अर्थ ‘मी गेलो असणार’ असा तर्काचा होतो, तिथे ‘आय हॅड टू गो’ हवे. ‘मी जायला पाहिजे होते’ यासाठी ‘आय शुड हॅव गॉन’ चालते, कारण ते जाणे घडलेलेच नसते. ऑट टूनेही हेच सांगता येते. पण शुडमध्ये नसलेला टू त्यात टिकून असल्याने ‘ऑट हॅव गॉन’ हे अशुद्ध आणि ‘ऑट टू हॅव गॉन’ हे शुद्ध ठरते.